पुलापलीकडचा क्रॅश

स्कायरिम खेळणाऱ्यांच्या तोंडी एक आद्याक्षरी शब्द असतो: सीटीडी. म्हणजे क्रॅश टू डेस्कटॉप. स्क्रीनवर डोंगर, नदी, पाऊस सगळं व्यवस्थित चालू असतं आणि पापणी लवायच्या आत मागचा विंडोजचा वॉलपेपर दिसतो. एरर नाही, सूचना नाही. गेम जणू सुरूच नव्हता.

अमेरिकेतल्या बेथेस्डा स्टुडिओने हा गेम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आणला आणि २०१६ मध्ये त्याची ६४-बिट ‘स्पेशल एडिशन’ आली. इतकी वर्षं लोटूनही लोक तो खेळतात याचं मोठं कारण मॉड. खेळाडूंनीच बनवलेल्या आणि फुकट वाटलेल्या या भरी आहेत: कुणी नवी गावं घालतं, कुणी झाडं बदलतं, कुणी रस्त्यावर गस्त घालणारे शिपाई आणून ठेवतं. एकेक मॉड आपापल्या जागी निर्दोष असतो. पण तो बनवणाऱ्याला माहीत नसतं, की तुमच्याकडे आणखी कोणते त्रेसष्ट मॉड बसवलेले आहेत.

चौसष्टचा आकडा माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरवरचा. त्याचा गेम एका ठराविक जागी उडायचा. रिव्हरवूड नावाच्या गावातून उत्तरेला निघालं, नदीवरचा दगडी पूल ओलांडला आणि व्हाइटरनच्या दिशेने थोडं पुढे गेलं, की डेस्कटॉप. त्याने अर्थातच पूल बदलणारा मॉड काढून टाकला. गेम तरीही उडाला. मग नदीचं पाणी बदलणारा काढला, मग झाडांचा. “मामा, परत उडाला,” असं दर वेळी खालच्या आवाजात सांगायचा. संशयिताला पकडून आत टाकायची ही पद्धत सगळेच आधी वापरतात, आणि चौसष्ट संशयितांत ती क्वचितच लागू पडते.

इथे एक गोष्ट ठाऊक असली तर पुलावरचा आळ लगेच दूर होतो. स्कायरिमचं उघडं जग चौकोनी तुकड्यांत कापलेलं आहे. प्रत्येक तुकड्याला सेल म्हणतात आणि त्याची बाजू साधारण ५८ मीटर भरते. खेळाडू ज्या सेलमध्ये उभा असेल तो मध्ये धरून पाच बाय पाच सेलचा चौक गेम मेमरीत पूर्ण तपशिलाने भरतो. तुम्ही पुढे सरकलात, की समोरची नवी रांग आत येते आणि मागची बाहेर जाते. तेव्हा गेम पुलाजवळ उडाला याचा अर्थ एवढाच, की दोन सेल पुढे काहीतरी नुकतंच मेमरीत आलं आणि ते पचलं नाही. दोषी जागा अजून नजरेच्या टप्प्यात नीट आलेलीही नसते.

आता लोड ऑर्डरबद्दल. मॉडचा गाभा म्हणजे प्लगइन नावाची फाइल, जिच्या नावाशेवटी `.esp`, `.esm` किंवा `.esl` असतं. जगातली प्रत्येक वस्तू, माणूस, दरवाजा, रस्त्याचा तुकडा ही त्यात एकेक नोंद असते. गेम सुरू होताना ही प्लगइन एका ठरलेल्या क्रमाने वाचली जातात आणि त्या क्रमालाच लोड ऑर्डर म्हणतात. दोन मॉडनी एकाच नोंदीला हात लावला असेल तर जो नंतर वाचला जातो त्याची नोंद टिकते, तीही सबंध. भिंतीवर पोस्टरवर पोस्टर चिकटवावं तसं शेवटचं तेवढं दिसतं. ही यादी एका साध्या फाइलमध्ये असते, तिचं नाव `plugins.txt`. तिच्यातल्या दोन ओळी अशा दिसू शकतात (नावं काल्पनिक आहेत):

```
*RoadsideInn.esp
*ValleyPatrol.esp
```

ओळीच्या सुरुवातीचा तारा म्हणजे प्लगइन चालू. तारा नसेल तर बंद.

बहुतेक वेळा या झाकाझाकीने गेम उडत नाही. एका मॉडने दुकानदाराला दाढी दिली आणि दुसऱ्याने टक्कल, तर त्याला नुसतं टक्कल येईल, एवढंच. क्रॅशची कारणं वेगळी असतात. एखाद्या मॉडला ज्या दुसऱ्या मॉडचा आधार लागतो तोच नसणं, म्हणजे ‘मास्टर’ गायब असणं. गेम अपडेट झाला पण त्याच्या आत शिरून काम करणारी डीएलएल जुन्याच आवृत्तीची राहणं. एखाद्या वस्तूच्या त्रिमितीय आकाराची फाइल बिघडलेली असणं. यातली पहिली दोन बहुधा मुख्य मेनू येण्याआधीच किंवा येता येताच गेम पाडतात. भाच्याचा गेम मेनूपर्यंत येत होता, गावात फिरू देत होता आणि एका जागीच पडत होता. म्हणजे कारण त्या जागेशी बांधलेलं होतं.

क्रॅश लॉगर नावाचा एक मॉड असतो. तो गेम पडताना मेमरीत काय चाललं होतं ते एका मजकूर फाइलमध्ये उतरवून ठेवतो. शोधाची सुरुवात तिथूनच करावी. कधीकधी त्यात बिघडलेल्या आकाराच्या फाइलचं नाव थेट मिळतं आणि काम पाच मिनिटांत संपतं. आमच्या लॉगमध्ये गेमच्या स्वतःच्या कोडमधले पत्ते तेवढे होते, मॉडचं नाव एकही नव्हतं. मग यादी अर्ध्यावर तोडण्याला पर्याय राहिला नाही.

पद्धत ऐकायला सोपी आहे. निम्मे मॉड चालू ठेवा, निम्मे बंद करा. गेम उडाला तर दोषी चालू निम्म्यात, नाहीतर बंद निम्म्यात. ज्या निम्म्यात दोषी असेल त्याचे पुन्हा दोन भाग करा. चौसष्टचे बत्तीस, सोळा, आठ, चार, दोन, एक. एकेक काढून बघत गेलं तर नशीब खराब असताना चौसष्ट वेळा गेम चालवावा लागेल, अर्ध्यावर तोडत गेलं तर सहा वेळा. प्रोग्रॅमर मंडळी हेच रोज करतात. गिट या साधनात त्यासाठी `git bisect` अशी तयार आज्ञाच आहे.

खरी मेहनत त्या सहा वेळांआधीची आहे. प्रत्येक चाचणी सारखी झाली नाही तर निकालांना काही अर्थ उरत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे जुना सेव्ह वापरायचा नाही. स्कायरिमच्या सेव्ह फाइलमध्ये चालू असलेल्या स्क्रिप्ट आणि मॉडने घातलेल्या वस्तूंच्या नोंदी मुरलेल्या असतात. मॉड काढून तोच सेव्ह उघडला तर त्या नोंदी लोंबकळत राहतात आणि क्रॅश झाला तरी तो कशाने झाला ते कळत नाही. त्याऐवजी मुख्य मेनूवर असतानाच टिल्डची कळ दाबून कन्सोल उघडायचा आणि लिहायचं:

```
coc Riverwood
tgm
```

पहिली ओळ नव्याकोऱ्या पात्राला सरळ गावात नेऊन ठेवते. दुसरी गावात पोचल्यावर, कन्सोल परत उघडून द्यायची. तिने पात्र अमर होतं, नाहीतर वाटेतले लांडगे चाचणीत लुडबुड करतात. मग गावातून पुलावर, पुलावरून खाली व्हाइटरनच्या शेतांपर्यंत, दर वेळी त्याच वाटेने धावायचं. शेतं गाठली तर ‘चाललं’, त्याआधी पडलं तर ‘उडालं’. अशी चाचणी दोन-तीन मिनिटांत होते.

दुसरी गोष्ट नवखे हमखास विसरतात. मॉड ऑर्गनायझरमध्ये डावीकडे मॉडची यादी असते आणि उजवीकडे प्लगइनची. उजवीकडची खूण काढली तर प्लगइन बंद होतं, पण मॉडने आणलेले आकार, चित्रं, डीएलएल गेमला दिसतच राहतात. दोष एखाद्या आकाराच्या फाइलमध्ये असेल आणि तो आकार मूळ गेममधल्या वस्तूच्या जागी बसत असेल, तर प्लगइन बंद करूनही गेम उडत राहील आणि तुम्ही चुकीच्या निम्म्यात शोधत बसाल. म्हणून खूण डावीकडची काढायची. हे साधन मॉडच्या फाइल गेमच्या फोल्डरमध्ये कॉपी करत नाही, गेमला त्या तिथे आहेत असं नुसतं भासवतं. त्यामुळे खूण काढली, की सबंध मॉड खरोखर नाहीसा होतो. आधी ‘टेस्ट’ नावाची वेगळी प्रोफाइल करून घेतली म्हणजे मूळ मांडणीलाही धक्का लागत नाही.

तिसरी अडचण आधाराची. ४० नंबरचा मॉड १२ नंबरच्या आधाराने चालत असेल आणि तुम्ही पहिले बत्तीस बंद केलेत, तर ४० चा मास्टर गायब होईल आणि गेम मेनूआधीच पडेल. हा क्रॅश खरा असला तरी आपण शोधतोय तो नव्हे. म्हणून निम्मे पाडताना मास्टर आणि त्याच्यावर अवलंबून असलेले मॉड एकाच बाजूला ठेवावे लागतात किंवा मास्टर दोन्ही बाजूंना चालू ठेवावा लागतो. ‘उडालं’ असं लिहायचं ते फक्त त्याच जागी, त्याच तऱ्हेने उडालं तर. बाकी कुठेही पडलं तर ती चाचणी बाद धरायची आणि मांडणी तपासायची. भाच्याने वहीत ‘चाललं’, ‘उडालं’ यांच्या शेजारी ‘बाद’ असा तिसरा रकाना आखला, तेव्हा पोरगं मार्गी लागलं असं मला वाटलं.

आणि मध्येच क्रम बदलायचा नाही. लूट नावाचं साधन लोड ऑर्डर आपोआप लावून देतं, चांगलं आहे, पण शोध चालू असताना ते चालवलं तर मागच्या चाचण्या आणि पुढच्या चाचण्या दोन वेगळ्या यंत्रांवर केल्यासारख्या होतात.

एवढं झाल्यावर आधी दोन टोकं तपासली. सगळे मॉड बंद: शेतं गाठली. सगळे चालू: पुलाजवळ डेस्कटॉप. हे करायचा कंटाळा येतो, पण सगळे बंद असतानाही गेम उडत असेल तर दोष मॉडमध्ये नाहीच आणि पुढचा सगळा खटाटोप फुकट.

मग यादी तोडली. क्रमांक १ ते ३२ चालू, बाकी बंद: चाललं. म्हणजे दोषी ३३ ते ६४ मध्ये. ते चालू केले, पहिले बंद केले: तेही चाललं.

इथे बरेच जण हात टेकतात. दोन्ही निम्मे निर्दोष आणि मिळून मात्र गेम पडतो. कुणी म्हणतं चाचणीच चुकली, कुणी सगळं काढून गेम नव्याने बसवतं. खरं तर हा निकाल गोंधळाचा नाही, चांगली बातमी आहे. दोषी एक मॉड नाही, जोडी आहे, आणि जोडीतला एक पहिल्या बत्तिसांत, दुसरा दुसऱ्या बत्तिसांत आहे. चौसष्ट मॉडच्या २०१६ जोड्या होतात. त्या एकेक करून तपासायच्या तर सुट्टी संपेल. पण जर्मन संगणकशास्त्रज्ञ आंद्रेआस त्सेलर यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या ‘डेल्टा डिबगिंग’ या पद्धतीत नेमक्या याच परिस्थितीवर उपाय आहे: एक निम्मा तसाच चालू ठेवायचा आणि दुसऱ्यात शोधायचं. मग बाजू बदलायची.

त्याप्रमाणे १ ते ३२ कायम चालू ठेवले आणि त्यांच्या जोडीला ३३ ते ४८ चालू केले. उडालं. ३३ ते ४० एवढेच ठेवले: चाललं. म्हणजे दोषी ४१ ते ४८ मध्ये. ४१ ते ४४ लावले: उडालं. ४१ आणि ४२: चाललं. राहिले ४३ आणि ४४. नुसता ४३ लावला: चाललं. म्हणजे जोडीतला एक ४४.

आता ४४ कायम चालू आणि पहिल्या बत्तिसांची फोड. १ ते १६: चाललं. १७ ते २४: उडालं. १७ ते २०: चाललं. २१ आणि २२: उडालं. एकटा २१: उडालं. दोन्ही निम्म्यांची तपासणी सोडली तर दहा चाचण्यांत जोडी हाती आली.

हाती आली म्हटलं तरी पडताळा हवाच. सगळे मॉड चालू ठेवून फक्त २१ बंद केला: शेतं गाठली. २१ परत लावून फक्त ४४ बंद केला: शेतं गाठली. या दोन निकालांनंतर शंकेला जागा उरली नाही.

२१ नंबरचा मॉड पुलापलीकडे व्हाइटरनच्या वाटेवर एक खाणावळ उभी करत होता. ४४ नंबरचा त्याच खोऱ्यात शिपायांची गस्त घालत होता. दोघांचंही पुलाशी काहीही देणंघेणं नव्हतं.

भांडण कशाचं, ते एसएसई-एडिट या साधनात दिसलं. हे साधन सगळी प्लगइन एकाशेजारी एक मांडून एकाच नोंदीला कोणाकोणाचा हात लागलाय ते रंगांनी दाखवतं. दोघांची गाठ पडत होती ती नॅव्हमेशच्या नोंदीवर. गेममधल्या माणसांना रस्ता डोळ्यांनी दिसत नाही. जमिनीवर त्रिकोणांची एक अदृश्य जाळी पसरलेली असते आणि चालता येईल अशी जागा म्हणजे ते त्रिकोण. उघड्या जगात ही जाळी तुकड्यातुकड्यांची असते आणि प्रत्येक तुकडा आपल्या कडेला शेजारच्या तुकड्याचा क्रमांक लिहून ठेवतो. त्यामुळे माणूस एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो.

खाणावळ बनवणाऱ्याने तिथली मूळ जाळी खोडून नवी आखली होती आणि शेजारच्या तुकड्याला नव्या जाळीचा क्रमांक दिला होता. इथवर सगळं जुळलेलं. गस्तवाल्याने तोच शेजारचा तुकडा थोडा बदलला होता, पण त्याच्यासमोर मूळ गेम होता, खाणावळ नव्हती. त्यामुळे त्याच्या नोंदीत कडेला जुनाच क्रमांक राहिला. लोड ऑर्डरमध्ये गस्त नंतर, म्हणून तिची नोंद टिकली. गेमने शेजारचा तुकडा वाचला, कडेचा क्रमांक घेऊन जाळी शोधायला गेला, आणि त्या क्रमांकाची जाळी खोडलेली. खोडलेल्या नॅव्हमेशकडे कुणी बोट दाखवलं की स्कायरिम पडतो, हे मॉड बनवणाऱ्यांना जुनं ठाऊक आहे. लूटसुद्धा ज्या मॉडची माहिती त्याच्याकडे असते त्यांच्याबाबत अशा खोडलेल्या जाळ्यांची सूचना देतं. आमचा खाणावळीचा मॉड त्याच्या माहितीत नव्हता.

उपाय तीन होते. दोघांपैकी एक काढायचा, हा पहिला. दुसरा, क्रम उलटवायचा: खाणावळ नंतर आली, की शेजारच्या तुकड्याची तिची नोंद टिकते, क्रमांक जुळतात आणि गेम पडत नाही. भाच्याने हे करून पाहिलं, शेतं गाठली आणि आनंदाने ओरडला. पण गस्तीने त्या तुकड्यात केलेला बदल आता झाकला गेला होता. शिपाई एका जागी आले, की पुढची वाट नसल्यासारखे तिथेच घुटमळत. क्रॅश गेला म्हणजे भांडण मिटलं असं नसतं. कधी ते नुसतं कमी आवाजात चालू राहतं.

तिसरा उपाय पॅचचा. दोघांनंतर वाचलं जाणारं एक छोटं प्लगइन करायचं, ज्यात गस्तीचा बदल आणि खाणावळीच्या जाळीचा क्रमांक दोन्ही असतील. साध्या नोंदींचा पॅच एसएसई-एडिटमध्ये ओढून-सोडून करता येतो. नॅव्हमेशचं तसं नाही. त्रिकोण आणि कडांची गणितं परत बसवावी लागतात, म्हणून ते काम बेथेस्डाच्या क्रिएशन किटमध्ये करतात, आणि ते नवख्याने करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मॉड जिथून घेतला त्या पानावर दोघांचा तयार पॅच कुणी ठेवलाय का, हे आधी पाहावं. आमच्या जोडीचा नव्हता. भाच्याने खाणावळ ठेवली आणि गस्त काढली.

सगळे क्रॅश इतके शिस्तीचे नसतात. काही चारांतल्या दोन फेऱ्यांत उडतात, दोनांत नाही. तिथे ‘उडालं’ हा निकाल पक्का असतो, ‘चाललं’ हा कच्चा. निम्म्या वेळाच उडणारा क्रॅश एका फेरीत झाला नाही तर तो नाणेफेकीचा कौल. सलग चार फेऱ्या चालल्या तर चुकीची शक्यता सोळांत एक उरते. म्हणून अशा वेळी ‘उडालं’ एकदाच पाहून लिहावं आणि ‘चाललं’ चार-पाच फेऱ्यांनंतरच. सुरुवातीचा एक कच्चा निकाल चुकला तर पुढचा सगळा शोध चुकीच्या फांदीवर जातो. ते कळतं शेवटच्या पडताळ्यात: सापडलेला मॉड काढूनही गेम पडतच राहतो.

एक प्रकार असा, की त्याला ही पद्धत लागूच पडत नाही. कोणतेही चाळीस मॉड लावा, चालतं. कोणतेही साठ लावा, उडतं. मग ते साठ कोणते याला महत्त्व नसतं. जड चित्रांचे मॉड ग्राफिक्स कार्डची मेमरी भरून टाकतात तेव्हा असं होतं. मूळ २०११ चा ३२-बिट स्कायरिम तर जास्त मेमरी वापरूच शकत नसे, आणि तेव्हाचे कित्येक क्रॅश याच जातीचे होते. ओळखायची खूण साधी आहे. निम्मे पाडताना नावाप्रमाणे न पाडता एकाआड एक पाडून बघायचं. निकाल नावांवर न बदलता नुसत्या संख्येवर बदलत असेल, तर दोषी शोधणं सोडून चित्रांचा आकार ४के वरून २के वर आणायचा.

भाच्याचे आता त्रेसष्ट मॉड आहेत. त्याने नवीन नियम केलाय: एका वेळी एकच मॉड घालायचा आणि रिव्हरवूडपासून शेतांपर्यंत एक चक्कर मारून मगच पुढचा. परवा त्याने एकदम पाच घातले. फोन आला तेव्हा मी विचारलं, “कुठे उडाला?” तर म्हणाला, “मेनूच्या आधीच.” मी त्याला मास्टर बघायला सांगितलं.